डॉग-लेग्ड जिन्याची वेस्ट स्लॅब: भार कसा काढायचा आणि मुख्य सळई कशी ठरवायची

जिना डिझाइन करायला दिला की नवखा इंजिनिअर आधी मोमेंट काढतो, मोमेंटवरून सळई काढतो आणि काम झालं असं समजतो. गणित बरोबर असतं, तरीही डिझाइन चुकलेलं असू शकतं. घरगुती जिन्याच्या वेस्ट स्लॅबमध्ये जाडी आणि सळई बहुतेक वेळा मोमेंट ठरवत नाही, ती डिफ्लेक्शन ठरवतं. हे कसं होतं ते एका साध्या जिन्यावर पाहू.

एका तळमजला अधिक दोन मजल्यांच्या घराचा जिना घेऊ. मजल्याची उंची ३.० मीटर. दोन फ्लाइट, मध्ये एक लँडिंग. राइझर १५० मिमी धरला तर मजल्याला २० राइझर होतात, म्हणजे प्रत्येक फ्लाइटला १०. ट्रेड २७० मिमी. फ्लाइटमध्ये राइझर १० असले तरी ट्रेड ९ च असतात, कारण दहावा राइझर चढलं की पाय लँडिंगवर पडतो. त्यामुळे फ्लाइटची आडवी लांबी ९ × २७० = २४३० मिमी. इथे १० ट्रेड धरले तर प्लॅनमध्ये जिना २७० मिमीने लांबतो आणि लँडिंग तेवढंच आखूड होतं. ही चूक ड्रॉइंगवर कुणाला दिसत नाही, ती शटरिंग लागल्यावर दिसते. फ्लाइटची रुंदी १.२ मीटर, लँडिंगचीही १.२ मीटर. काँक्रीट एम २५, सळई एफई ५००, आणि जिना घराच्या आत असल्यामुळे कव्हर २० मिमी.

आधी स्पॅन

भाराला हात लावण्याआधी स्लॅब कशावर टेकली आहे ते पक्कं करा. आपल्या जिन्यात एक बीम मजल्याच्या पातळीवर, फ्लाइटच्या टोकाशी आहे. दुसरा बीम मधल्या लँडिंगच्या पलीकडच्या कडेला, दोन कॉलमच्या मध्ये, अर्ध्या उंचीवर आहे. दोन्ही बीम २३० मिमी रुंद. फ्लाइट जिथे लँडिंगला मिळते तिथे खाली काहीच नाही. म्हणजे फ्लाइट आणि लँडिंग मिळून एकच वाकलेली स्लॅब आहे, आणि आयएस ४५६ प्रमाणे तिचा स्पॅन बीमच्या मध्यापासून बीमच्या मध्यापर्यंत, आडवा मोजायचा:

११५ + २४३० + १२०० + ११५ = ३८६० मिमी, म्हणजे ३.८६ मीटर.

स्पॅन तिरका मोजायचा नाही. उतारावर मोजलेली लांबी घेऊन मोमेंट काढलेली गणितं मी पाहिली आहेत. भार आडव्या मीटरवर आणि स्पॅन तिरका, अशी सरमिसळ झाली की येणारं उत्तर कशाचंच नसतं.

स्पॅनचा परिणाम किती मोठा असतो त्याचा अंदाज घ्या. फ्लाइट संपते तिथेच, लँडिंगच्या आतल्या कडेला आणखी एक बीम दिला असता, तर फ्लाइटचा स्पॅन २.६६ मीटर झाला असता आणि मोमेंट जवळपास निम्मा आला असता. पण तो बीम खालून जाणाऱ्याला लोंबताना दिसतो, म्हणून आर्किटेक्ट तो बहुधा काढून टाकायला सांगतात. लँडिंग बाजूच्या भिंतींवर आडवं टेकवलं असेल तर नियम वेगळा आहे: फ्लाइटची आडवी लांबी, अधिक त्या बाजूच्या लँडिंगची अर्धी रुंदी किंवा १ मीटर, यातलं जे कमी असेल ते. तेव्हा दुसऱ्याच्या जिन्याची सळई आपल्या जिन्याला लावू नका. दोन्ही जिने दिसायला सारखे असले तरी त्यांचे आधार वेगळे असू शकतात.

जाडी, अंदाजाने

वेस्ट म्हणजे पायऱ्यांच्या त्रिकोणांखालची सलग तिरकी स्लॅब. तिची जाडी उताराला काटकोनात मोजतात. हे वाक्य लक्षात असू द्या, शेवटी पुन्हा लागेल. सुरुवातीला मी स्पॅनचा बाविसावा भाग धरतो: ३८६० / २२ = १७५ मिमी. साइटवर सवय १५० ची असते. ती का चालत नाही ते पुढे दिसेल.

भार: सगळं आडव्या चौरस मीटरवर आणायचं

एक मीटर रुंदीची पट्टी घेऊ. तिच्यावर आडव्या एका मीटर लांबीत किती वजन येतं ते हवं आहे. लाइव्ह लोड आधीच आडव्या क्षेत्रफळावर दिलेला असतो. वेस्टचं वजन मात्र तिरक्या लांबीवर असतं, आणि एका आडव्या मीटरमध्ये एक मीटरपेक्षा जास्त तिरकी स्लॅब बसते. किती जास्त, ते एका पायरीवरून कळतं. १५० आणि २७० बाजू असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ३०९ मिमी. ३०९ ला २७० ने भागलं की १.१४४. हाच आपला गुणक.

वेस्ट: ०.१७५ × २५ × १.१४४ = ५.०१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर.

पायऱ्यांचे त्रिकोण: प्रत्येक त्रिकोणाची सरासरी उंची राइझरच्या निम्मी, म्हणजे ७५ मिमी. म्हणून ०.०७५ × २५ = १.८८. इथे गुणक लावायचा नाही, कारण त्रिकोणाचा पाया आपण आडवाच मोजला. ट्रेड किती रुंद आहे याचाही इथे संबंध येत नाही. एक मीटरमध्ये पायऱ्या तीन असोत की चार, सरासरी उंची तीच राहते.

फिनिशिंगचा भार बऱ्याच गणितांत डोळे मिटून १.० टाकलेला असतो. खरं वजन मोजून बघा. ट्रेडवर २० मिमी ग्रॅनाइट आणि खाली ३० मिमी मसाला मिळून सुमारे १.१५. राइझरलाही ग्रॅनाइट लागतो हे विसरलं जातं. तो आडव्या मीटरवर आणला की ०.४७. खालून १२ मिमी प्लास्टर, तिरक्या लांबीसह, ०.२८. बेरीज १.९. म्हणजे सवयीच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट.

लाइव्ह लोड: राहत्या घराच्या जिन्याला आयएस ८७५ च्या भाग २ प्रमाणे ३.०. शाळा किंवा ऑफिसच्या जिन्याला किमान ४.० लागतो, त्यामुळे घराची शीट शाळेला कॉपी करू नका.

फ्लाइटची बेरीज ५.०१ + १.८८ + १.९० + ३.०० = ११.७९. दीडपट केली की १७.६८ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर.

लँडिंग सपाट आहे, त्यामुळे गुणक नाही आणि त्रिकोणही नाहीत. स्लॅब ४.३८, फरशी आणि प्लास्टर १.४, लाइव्ह लोड ३.०, बेरीज ८.७८. दीडपट १३.१६.

पट्टी एक मीटर रुंद असल्यामुळे हेच आकडे किलोन्यूटन प्रति मीटर म्हणूनही वाचता येतात. मात्र मधेच १.२ मीटर रुंदीने गुणू नका. एक तर शेवटपर्यंत एक मीटरची पट्टी ठेवा, नाहीतर पहिल्यापासून पूर्ण फ्लाइट घ्या. अर्ध्यात बदललं की १.२ चा गुणक कुठेतरी दोनदा लागतो किंवा अजिबात लागत नाही.

लँडिंग दोन फ्लाइटना सामाईक आहे म्हणून त्याचा भार निम्मा धरणारेही भेटतात. ती सवलत ओपन-वेल जिन्यात, स्पॅन एकमेकांना काटकोनात छेदतात तिथल्या सामाईक भागासाठी आहे. डॉग-लेग्ड जिन्यात दोन्ही फ्लाइट एकाच दिशेने चालतात, आणि प्रत्येक फ्लाइटसमोरचं लँडिंग त्याच फ्लाइटच्या पट्टीचा भाग असतं. तिथे भार पूर्णच धरायचा.

मोमेंट

आता साध्या आधाराचा एक बीम उरला. डाव्या टोकाकडून २.५४५ मीटरवर १७.६८ चा भार (यात अर्ध्या बीमचे ०.११५ मीटर आले) आणि उरलेल्या १.३१५ मीटरवर १३.१६ चा. डावी रिअॅक्शन RA:

```
RA = (17.68*2.545*2.5875 + 13.16*1.315*0.6575) / 3.86
   = 33.1 kN
x  = 33.1 / 17.68 = 1.87 m
Mu = 33.1^2 / (2*17.68) = 31.0 kN.m
```

यात x म्हणजे शिअर जिथे शून्य होतो ते अंतर. ते २.५४५ पेक्षा कमी आहे, म्हणजे कमाल मोमेंट फ्लाइटमध्येच येतो आणि वरचं सूत्र लागू पडतं. लँडिंग खूप रुंद असेल तर हे आधी तपासा.

घाईत असाल तर सगळ्या स्पॅनवर फ्लाइटचाच भार धरून wL²/8 करा. ३२.९ येतात, म्हणजे सुमारे ६ टक्के जास्त. हाताने पडताळायला हे पुरेसं आहे. कॉम्प्युटरवरच्या शीटमधून २५ किंवा ४५ आले, तर शीटमध्ये काहीतरी बिघडलं आहे हे लगेच समजतं.

सळई, पहिल्या फेरीत

१२ मिमीची मुख्य सळई धरली तर इफेक्टिव्ह डेप्थ d = १७५ − २० − ६ = १४९ मिमी. एम २५ आणि एफई ५०० ला हा सेक्शन सुमारे ७४ किलोन्यूटन-मीटर पेलतो, आपल्याला ३१ हवेत. नवखा इथे खूश होतो आणि जाडी कमी करायला निघतो. थोडं थांबा, आधी सळई काढू:

```
Ast = 0.5*(fck/fy)*[1 - sqrt(1 - 4.6*Mu/(fck*b*d^2))]*b*d
    = 514 mm2 per m
```

१२ मिमी सळई २०० मिमी अंतरावर टाकली तर ५६५ मिळतात. ५१४ पेक्षा जास्त, म्हणजे मोमेंटपुरतं काम झालं. बरीच गणितं इथेच संपतात.

डिफ्लेक्शन

साध्या आधाराच्या स्लॅबला स्पॅन भागिले d हे गुणोत्तर मुळात २० पर्यंत चालतं. त्याला एक सुधारणा गुणक लावायचा असतो, kt. तो आयएस ४५६ मधल्या चौथ्या आकृतीतून वाचतात, किंवा या सूत्राने काढतात:

```
fs = 0.58*fy*(Ast required / Ast provided)
kt = 1 / (0.225 + 0.00322*fs - 0.625*log10(1/pt))
```

यात pt म्हणजे प्रत्यक्ष टाकलेल्या सळईची टक्केवारी आणि fs म्हणजे रोजच्या भाराखाली सळईत येणारा ताण. सळईवर ताण जास्त आला तर ती जास्त ताणली जाते, स्लॅब जास्त वाकते आणि गुणक घटतो. एफई ४१५ ऐवजी एफई ५०० वापरली की नेमकं हेच होतं. मोमेंटसाठी सळई कमी लागते, पण त्या कमी सळईवर ताण वाढतो आणि स्लॅब लवचिक होते. एफई ४१५ च्या काळातल्या जाड्या आणि आजच्या सळईचं अंतर असं एकत्र केलं की ते अंगाशी येतं.

आपलं गुणोत्तर ३८६० / १४९ = २५.९. २०० मिमी अंतराला pt ०.३८ टक्के, fs २६४, गुणक १.२३. मान्य गुणोत्तर २० × १.२३ = २४.७. म्हणजे नापास, थोडक्यात.

अंतर १७५ मिमी करू. सळई ६४६ चौरस मिमी, pt ०.४३, fs २३१, गुणक १.३५. मान्य गुणोत्तर २७.०. आपलं २५.९. पास.

तर मुख्य सळई १२ मिमी, १७५ मिमी अंतरावर. मोमेंटने मागितलेल्या ५१४ ऐवजी ६४६. हा वाढवलेला पाव हिस्सा ताकदीसाठी नसून स्लॅब ताठ राहावी म्हणून आहे.

आता साइटच्या आवडत्या १५० मिमीचं काय होतं ते पाहू. d होते १२४, गुणोत्तर ३१.१. वजन थोडं घटतं, मोमेंट सुमारे २९ येतो आणि सळई सुमारे ५९७ लागते. १२ मिमी सळई अगदी १०० मिमीवर टाकली, म्हणजे ११३१ चौरस मिमी, जवळपास दुप्पट, तरी मान्य गुणोत्तर २८.९ पर्यंतच पोचतं. स्लॅब नापासच राहते. जाडीतले २५ मिमी सळईने भरून निघत नाहीत.

मग १५० चे इतके जिने उभे कसे आहेत, हा रास्त प्रश्न आहे. त्यांचा स्पॅन बहुधा लहान असतो. शिवाय पायऱ्यांचे त्रिकोण स्लॅबला थोडा ताठपणा देतात आणि दोन्ही टोकं बीममध्ये ओतलेली असल्यामुळे आधार पूर्ण साधा नसतो. ब्रिटिश कोड बीएस ८११० फ्लाइटने स्पॅनचा किमान ६० टक्के भाग व्यापला असेल तर या गुणोत्तरात १५ टक्के सूट देत असे. आपल्या कोडमध्ये ती सूट नाही, म्हणून मी ती घेत नाही. ती आहे हे मनात ठेवून रात्री शांत झोपायला हरकत नाही.

शिअर एका ओळीत तपासून होतो. ३३.१ किलोन्यूटन भागिले १००० × १४९, म्हणजे ०.२२ न्यूटन प्रति चौरस मिमी. इतक्या सळईला एम २५ काँक्रीट एकटं ०.४ च्या वर पेलतं. पुढे जा.

आडवी डिस्ट्रिब्युशन सळई एकूण क्षेत्रफळाच्या ०.१२ टक्के, २१० चौरस मिमी. ८ मिमी, २०० मिमी अंतरावर. ती मुख्य सळईच्या वर बांधायची. खाली बांधली तर मुख्य सळई ८ मिमी वर सरकते आणि आपण मोजलेली d तेवढी जाते. १.२ मीटर रुंदीच्या फ्लाइटमध्ये मुख्य सळया ८ बसतात. टोकांना बीमवर वरच्या बाजूने १० मिमी सळई २०० मिमीवर, स्पॅनच्या चौथ्या भागापर्यंत. आपण आधार साधा धरला असला तरी काँक्रीटला ते माहीत नसतं, आणि वरची सळई नसेल तर बीमजवळ वरून चीर जाते.

जिथे सळई वळते

फ्लाइट वर चढून लँडिंगला मिळते त्या कोपऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

पहिली फ्लाइट मजल्याच्या बीमपासून निघते आणि मधल्या लँडिंगला वरच्या टोकाशी मिळते. तिथे तळाची रेषा आधी वर चढते, मग सपाट होते. तळाची मुख्य सळई त्याच आकारात वाकवून पुढे नेली, तर ताण आल्यावर ती सरळ व्हायला बघते. दोरी कोपऱ्यावरून ताणली की आतल्या बाजूला ओढ घेते, तशी ही सळई खाली ओढ घेते, आणि खाली तर २० मिमी कव्हरच आहे. कव्हर फुटून सळई बाहेर येऊ बघते. कोपऱ्याच्या खाली रुंदीभर आडवी चीर दिसली किंवा प्लास्टर पट्टीसारखं सुटलं, तर बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

म्हणून इथे सळया एकमेकींना ओलांडतात. फ्लाइटच्या तळाची सळई सरळ पुढे जाऊन लँडिंगच्या वरच्या थरात शिरते. लँडिंगच्या तळाची सळई सरळ येऊन फ्लाइटच्या वरच्या थरात शिरते. ओलांडणीच्या जागेपासून दोन्ही पूर्ण डेव्हलपमेंट लांबीएवढ्या पुढे जातात. एम २५ आणि एफई ५०० ला ती सुमारे ४८.५ व्यास येते. १२ मिमी सळईला ५८२, ड्रॉइंगवर ६०० लिहा.

दुसरी फ्लाइट लँडिंगपासून निघून वर जाते. तिथे तळाची रेषा आधी सपाट असते आणि मग चढते, त्यामुळे ताणलेली सळई वर, काँक्रीटच्या आत ओढ घेते. तिथे एकच सळई वाकवून पुढे नेली तर चालतं. एकाच लँडिंगवर दोन फ्लाइटची दोन वेगळी वळणं येतात, आणि फिटर सोयीसाठी दोन्हीकडे एकच सळई वाकवतो. माझ्या एका साइटवर असंच झालं होतं. ड्रॉइंगवर दोन सेक्शन होते, पण पहिलाच सेक्शन पाहून सगळ्या सळया वाकवल्या गेल्या. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी लक्षात आलं आणि आठ सळया बदलाव्या लागल्या. तेव्हापासून दोन्ही वळणं मी मोठ्या आकारात, शेजारीशेजारी काढतो, आणि खाली 'वेगळी आहेत' असं लिहितो.

शटरिंगवर टेप

सुतार शटरिंगच्या फळीवरून पायरीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत टेप उभा धरतो, कारण तसा तो धरायला सोपा जातो. ड्रॉइंगवर वेस्ट १७५ लिहिलेलं असतं, म्हणून तो उभे १७५ मोजतो. पण आपली जाडी उताराला काटकोनात आहे. उभ्या १७५ ला १.१४४ ने भागलं की खरी जाडी १५३ मिमी उरते. म्हणजे एवढं गणित करून आपण १५० च्या नापास स्लॅबवरच येऊन पोचतो, आणि १७५ मिमीवर बांधलेली सळई तिला वाचवू शकत नाही.

उभा टेप लावायचा असेल तर आकडा १७५ × १.१४४, म्हणजे २०० मिमी यायला हवा. मी ड्रॉइंगवर दोन्ही लिहितो: काटकोनात १७५, उभे २००. काँक्रीटच्या आधी तळाशी, मध्ये आणि वरच्या टोकाशी तीन ठिकाणी उभा टेप लावून पाहतो. मध्ये २०० येऊन टोकांना १८५ येत असतील, तर फळी कुठेतरी फुगली आहे किंवा पायरीचा साचा खाली बसला आहे. तो काँक्रीटचा ट्रक यायच्या आधी उचलून घ्यायचा.